नापासाचा ठराव

चंदनशिवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ते दमलेले होते, आणि त्यानंतर कधी ताजेतवाने दिसले असतील तर मला आठवत नाही. इंदापूरहून मोटारसायकलवर यायचे. गाडी लिंबाखाली लावायची, कमरेचा पट्टा चाचपायचा, डब्याची पिशवी काढायची आणि शाळेकडं असं बघायचे की ही अजून जागेवरच आहे का. मग आत जायचे. बुद्धघोष हे त्यांचं पाळण्यातलं नाव. ते हजेरीपत्रकाच्या कोपऱ्यात वाचलं म्हणून मला माहीत, नाहीतर वस्तीवर त्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे.

आमची वस्ती शेळगावच्या अलीकडं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, आणि शिक्षक दोन. राजेश्वरी मॅडमकडं पहिली ते तिसरी, सरांकडं चौथी आणि पाचवी एकाच खोलीत. एका भिंतीकडं तोंड करून चौथी बसणार, दुसऱ्या भिंतीकडं पाचवी, आणि मध्ये सर. बरं, नुसतं शिकवायचं असतं तर माणूस एवढा झिजला नसता. पण तांदूळ आला का बघा, मतदारयादीची कामं करा, आधार जोडा, फोटो काढून ॲपवर टाका. फोन वाजला की सर डोळे मिटायचे. "तातडीनं पाठवा," असं पलीकडून कोणीतरी म्हणत असणार, कारण सर दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "बरं, असू दे, पाठवतो."

असू दे. हा त्यांचा शब्द. पत्रा गळतोय, असू दे. पोषण आहाराची डाळ आली नाही, असू दे, आज नुसता भात. पोरगं आठ दिवस आलं नाही, असू दे, उद्या बघू. मला या शब्दाची चीड यायची. मी दूध संकलन केंद्र चालवते, सकाळ-संध्याकाळ दीडशे माणसांची तोंडं बघते. मी असू दे म्हणायला लागले तर निम्मं गाव पाणी घालून आणेल.

माझा ऋषिराज त्या वर्षी पाचवीत. हुशार नाही, ढ पण नाही. माझ्यावर गेलाय, बोलण्यात पटाईत.

जानेवारीत पालक सभेचं पत्रक आलं. पत्रक कसलं, ऋषिराजच्या वहीत सरांनी चार ओळी लिहून दिल्या होत्या : पाचवीच्या मूल्यमापनात बदल, सर्वांनी यावे. मूल्यमापन म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही, पण सर्वांनी यावे म्हटल्यावर काहीतरी वाकडं आहे हे सगळ्यांना कळलं. शनिवारी शाळा सुटल्यावर सभा. उसाच्या गाळपाचे दिवस, तोडणीच्या टोळ्या फडात, तरीपण चाळीस माणूस जमलं. शाळेपुढं गाड्याच गाड्या.

सभेला मानसिंगराव अध्यक्ष, वस्तीचे आबा. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, त्यांचा इंद्रजित ऋषिराजच्याच वर्गात. माणूस वाईट नाही. फक्त कारखान्याच्या संचालक मंडळावर जायचं त्यांच्या मनात बरीच वर्षं आहे, म्हणून चार माणसं बसलेली दिसली की त्यांना ती कारखान्याची सर्वसाधारण सभा वाटते. आमच्याकडं सर्वसाधारण सभा कशी होते ते सांगायला नको. वरून विषय वाचतात, खालून मंजूर मंजूर ओरडतात, सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहितात, आणि माणसं चहाकडं पळतात. ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. मात्र एक आहे. एकदा सभेत स्वतःच्या तोंडानं बोललेला माणूस मागं फिरत नाही. फिरला तर पारावर त्याची जी काही सालं काढतात, त्यापेक्षा शब्द पाळलेला परवडतो.

सरांनी बोलायला सुरुवात केली आणि लगेच थांबले. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या, आणि टपावरचं गाणं एवढ्या आवाजात की खिडक्या हलत होत्या. ते गेल्यावर सर परत पहिल्यापासून बोलले. सभा संपेपर्यंत असे चार-पाच ट्रॅक्टर गेले असतील. दर वेळी सर तोंड मिटून भिंतीला टेकायचे, आणि मला वाटायचं की यांना ट्रॅक्टर आलेला बराच वाटतोय.

त्यांनी सांगितलं ते असं. इतकी वर्षं आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं, वर्ष संपलं की पोरगं पुढच्या वर्गात. आता शासनानं पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा ठेवली. बाकीच्या वर्गांना पूर्वीसारखंच. पाचवीला मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी पन्नास गुण. त्यातले दहा तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे, चाळीस लेखी. पास व्हायला प्रत्येक विषयात शंभराला पस्तीस या हिशेबानं, म्हणजे पन्नासात अठरा. थोडक्यात राहिलं तर सवलतीचे काही गुण आहेत. तरी राहिलं, तर त्या विषयाचं शाळेनं जादा मार्गदर्शन करायचं आणि जूनमध्ये फेरपरीक्षा घ्यायची. त्यात पास झालं की सहावी. त्यातही राहिलं, तर परत पाचवी.

"म्हंजी नापास," मागून कुणीतरी म्हटलं.

सरांनी तो शब्द तोपर्यंत उच्चारला नव्हता. मान हलवली आणि म्हणाले, हो, तेच.

मग जो गलका झाला तो काय विचारता. प्रत्येकाला आपलंच पोरगं दिसायला लागलं. एक म्हणाला, पोरं कोरोनात पहिली-दुसरीला होती, घरात बसून काय शिकणार होती, अन् आता एकदम परीक्षा? एक बाई म्हणाली की हे सरकारी शाळेलाच असणार, खाजगीत न्हाय, म्हणून आम्ही पोरगं काढून इंग्रजी शाळेत घालतो. सरांनी सांगितलं की नियम सगळ्या शाळांना एकच आहे. तिचा काही विश्वास बसला नाही. एकानं मला मध्ये ओढलं, "वहिनी, तुमच्या डेअरीवानी झालं की हे. फॅट न्हाय लागलं की कॅन परत."

सगळे हसले. सर हसले नाहीत, पण पहिल्यांदाच भिंतीपासून पुढं आले. "कॅन परत केला तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दूध घालायचं बंद करता का?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, बंद करून कसं चालेल? सर म्हणाले, मग मी तेवढंच म्हणतोय. कोणालाही शाळेतून काढता येत नाही, आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो पोराचा हक्क आहे. त्याच वर्गात राहिलं तर शाळेत यायचं. एवढं लक्षात ठेवा.

पण एवढं लक्षात ठेवायला कोण बसलं होतं? मानसिंगराव उठले. त्यांनी घसा साफ केला, पुढारी करतात तसा, आणि म्हणाले की सभेपुढं विषय असा आहे की आपल्या शाळेत कुणालाही नापास करू नये, तोंडीचे दहा गुण सरांच्या हातात आहेत ते सरांनी सगळ्यांना पुरे द्यावेत. सूचक मी. मंजूर का?

मंजूर, मंजूर. छप्पर उडालं म्हणा ना. माझ्या शेजारची बाई पण ओरडली, तिचं पोरगं दुसरीत होतं.

चंदनशिवे सर खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, असू दे, लिहितो. आणि खरं सांगते, मला त्या क्षणी तेच हवं होतं. ऋषिराजचं गणित मला माहीत होतं. सर म्हणाले, "आबा, तुमची विनंती म्हणून लिहितो, वर पाठवतो. पण हा नियम सभेत मंजूर-नामंजूर होत नाही. आणि तोंडीचे गुण ज्याला जेवढं येतं तेवढेच मिळणार." एवढंच म्हणाले, तेही हळू आवाजात. मानसिंगरावांचं तोंड आंबट झालं. पण सभेला उत्तर मिळालं होतं, माणसं उठायला लागली होती, आणि तेवढ्यात सोपान बोलला.

सोपान म्हणजे आमच्या चुलत घरातला, नात्यानं माझा दीर. कारखान्याला ऊस वाहतो, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. रात्रपाळी करून सरळ सभेला आला होता, डोळे लाल, कपड्यांवर उसाची धूळ. त्याची छकुली पाचवीत. शांत पोरगी. कोरोनात तिची दुसरी घरातच गेली, घरात मोबाईल एक आणि तो बापाबरोबर ट्रॅक्टरवर. आई खुरपायला, हिच्या कडेवर धाकटा भाऊ. शाळा उघडली तेव्हा ती तिसरीत बसली खरी, पण तिची अक्षरं मागंच राहिली. संध्याकाळी दूध घेऊन यायची तेव्हा मी एकदा तिला माझ्या भिंतीवरचा बोर्ड वाचायला लावला होता. तिनं 'दूध' वाचलं, कारण ते तिला माहीत होतं. 'संकलन'ला ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

सोपान म्हणाला, "सर, आपलं सरळ हाय. पोरगी पास झाली तर सहावीला शेळगावला घालतो, सायकल घेऊन देतो. नापास झाली तर बास. घोडी येवढी झालीय, परत बारक्या पोरांत कुठं बसवू? लोक नावं ठिवतील. घरी बसंल, शेळ्या बघंल."

तो हे रागानं म्हणाला नाही. दमून म्हणाला. म्हणूनच मला जास्त राग आला. छकुली तेव्हा बाहेर व्हरांड्यात पोरींबरोबर खिडकीला लटकलेली होती आणि तिनं ते ऐकलं. मी तिचं तोंड पाहिलं. ती खिडकी सोडून खाली उतरली.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय मी पुढं का बोलले ते कळणार नाही. मी सातवीला नापास झाले. इंग्रजी आणि गणित. निकालाच्या दिवशी घरी आले तर आईनं काही विचारलं नाही, भाऊ पण काही बोलला नाही. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी दप्तर शोधायला लागले तर दप्तर नव्हतं. वडिलांनी ते माळ्यावर टाकलं होतं. कुणी मला शाळा बंद असं म्हटलंच नाही हो, भांडायला तरी जागा मिळाली असती. भाऊ नववीत दोनदा नापास झाला, त्याला दोन्ही वेळेला परत पाठवला. आज मी डेअरी चालवते, मशीन चालवते, हिशेब करते, सगळं येतं. पण इंग्रजी फॉर्म आला की अजून मी ऋषिराजला हाक मारते.

 सोपानचं बोलणं सभेला पटलं होतं, हे मला दिसत होतं. चार-दोन माना हलल्या पण.

आणि चंदनशिवे सर उभे राहिले. त्यांनी असू दे म्हटलं नाही. ते म्हणाले, "सोपानराव, नापास न करण्याचा कायदा यायच्या आधी मी नोकरीला लागलो. तेव्हा मी पोरी नापास केल्यात. माझ्या हातानं. मुलगे परत यायचे. पोरी नाही आल्या, एक पण नाही. म्हणून कायदा आला तेव्हा मला बरं वाटलं, आणि मग मी इतकी वर्षं नुसतं पुढं ढकलत राहिलो. तुमची छकुली माझ्यासमोरून चौथीतून पाचवीत गेली. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं."

 एक ट्रॅक्टर आला नाही मेला, तेव्हाच नेमका यायला हवा होता.

मग ते म्हणाले की मी हिला दहापैकी दहा तोंडी देईन, सवलतीचे देईन, ओढूनताणून सहावीत पाठवीन. शेळगावला साठ पोरांच्या वर्गात ती मागच्या बाकावर बसेल, आणि दिवाळीला ती आपण होऊन घरी बसेल. तेव्हा तुम्हाला मला विचारायला पण यावं लागणार नाही. "तसं पाहिजे का तुम्हाला? तसं पाहिजे असेल तर सांगा, मला ते फार सोपं आहे. मी दमलोय."

सोपान खाली बघत होता. चपलेच्या अंगठ्यानं फरशीवरची माती खरवडत होता. शेवटी म्हणाला, मग मी काय करू ते तरी सांगा.

सरांनी सांगितलं. आतापासून शाळा सुटल्यावर छकुलीला माझ्याकडं थांबवा. एप्रिलला परीक्षा, राहिली तर मे महिन्यात मार्गदर्शन, जूनला फेरपरीक्षा. आणि त्यातही राहिली, तर परत पाचवीत पाठवायची. ते तुम्ही इथं बोला, या सगळ्यांसमोर.

सोपान मानसिंगरावांकडं बघायला लागला, जसं काही तेच त्याला सोडवतील. आणि मग माझंच मला आवरलं नाही. मी उठले. बायका आमच्याकडं सभेत उठत नाहीत असं नाही, उठतात, पण चहा द्यायला.

"आबा, ठराव लिहा," मी मानसिंगरावांना म्हटलं. "आपल्या वस्तीवरचं पोरगं न्हायतर पोरगी नापास झाली तर परत शाळंत पाठवायची, घरी बसवायची न्हाय. अनुमोदक मी. सूचक सोपान भावजी."

सोपाननं माझ्याकडं असं पाहिलं की दुसरी वेळ असती तर मी पदर सावरून बसले असते. मानसिंगरावांना तर ठरावाचा शब्द ऐकूनच उकळी फुटली, आधीचा राग कुठल्या कुठं गेला. ते म्हणाले की सूचकानं आपल्या तोंडानं मांडलं पाहिजे, ही पद्धत हाय. आणि चाळीस माणसं सोपानकडं बघत बसली. त्याचा मालक पण त्यात होता, ज्याचा ट्रॅक्टर तो चालवायचा.

शेवटी सोपान म्हणाला, "पाठवीन."

"काय पाठवीन?" मी म्हटलं.

"नापास झाली तरी शाळंत पाठवीन. बास का?"

मंजूर, मंजूर. या वेळेला आवाज कमी होता. काहींनी नुसता हात वर केला, कारण त्यांच्या घरात पण पोरी होत्या आणि आपण कशाला हात वर करतोय ते त्यांना आता कळलं होतं. सरांनी लिहून घेतलं. सह्या झाल्या, चहा झाला. सोपान चहा न घेता गेला.

पुढचे तीन महिने छकुली शाळा सुटल्यावर व्हरांड्यात सरांपुढं बसलेली दिसायची. काही चमत्कार झाला असं समजू नका. मी संध्याकाळच्या दुधाला जाताना बघायचे, तर कधी ती एका शब्दावर अडकून बसलेली आणि सर भिंतीला टेकून डोळे मिटलेले. झोपले की काय म्हणून मी एकदा हाक मारली तर डोळे न उघडताच म्हणाले, ऐकतोय. मध्येच फोन यायचा, तातडीचं काहीतरी. मग ती एकटीच बोट ठेवून बसायची. मार्चमध्ये सरांना पाच दिवस प्रशिक्षणाला बोलावलं, ते दिवस गेले. मग पोरीला ताप आला, आठवडा गेला.

एप्रिलची परीक्षा झाली. निकालाच्या आधी मी सरांना गाठलं. मीच, सभेत एवढी तोंड वर करून बोललेली. मला म्हणायला लाज वाटते पण म्हणते, मी त्यांना म्हटलं, सर, थोडक्यात राहत असंल तर तोंडीला वाढवा की. पोरीनं एवढं केलंय. तुम्ही नुसतं असू दे म्हणा.

सर म्हणाले, "ताई, दहा दिले तरी लेखीत आठ लागतात. मी दोनदा बेरीज केली. सवलतीचे धरून पण केली." मग म्हणाले, "तुम्हाला वाटतं मला नको आहे?"



परिसर अभ्यास आणि इंग्रजीत ती काठावर निघाली. मराठी आणि गणितात राहिली. वर्गात राहिलेली ती एकटीच नव्हती, आणखी एक पोरगा होता, आणि माझा ऋषिराज गणितात सवलतीच्या गुणांवर तरला, त्याबद्दल मी घरात त्याची चांगली हजेरी घेतली. मे महिन्याच्या उन्हात सर आठवड्यातले चार दिवस इंदापूरहून यायचे. सुट्टीत हो. डोक्याला ओला रुमाल बांधून. मी त्यांना ताक पाठवायचे, आणि ते पेला धुऊन परत पाठवायचे, ज्याची मला उगीचच चीड यायची.

जूनची फेरपरीक्षा झाली. दुसरा पोरगा पास झाला. छकुली गणितात पास झाली. मराठीत नाही झाली. तीन गुण कमी पडले. या खेपेला तिनं धडा वाचून काढला होता, सर सांगत होते, सगळा वाचला, बोट न ठेवता. पण लिहायला तिला वेळ पुरला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हटलं, झालं. सभेतल्या ठरावाचं काय घेऊन बसलीस रेश्मा, कारखान्याच्या सभेत काय कमी ठराव होतात? दप्तर माळ्यावर जायला किती वेळ लागतो? सोपान दोन दिवस दुधाला पण आला नाही, पोरीला पाठवलं नाही, बायकोला पाठवलं. बायकोला मी काही विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. ऋषिराज तर शेळगावला गेला होता, माझं तिथं काही काम नव्हतं. पोषण आहाराच्या तांदळाचं विचारते असं म्हणून गेटापाशी उभी राहिले. नवीन पहिलीची पोरं रडत होती, राजेश्वरी मॅडम त्यांना फुगे देत होत्या. सर मोटारसायकल लिंबाखाली लावून कमरेचा पट्टा चाचपत होते. आमचं दोघांचं पण लक्ष रस्त्याकडं होतं आणि दोघं पण तसं दाखवत नव्हतो.

प्रार्थना झाली. पोरं आत गेली. सर मला म्हणाले, चला ताई. मी म्हटलं, थांबा जरा. ते थांबले.

सोपानची गाडी आली. पुढं टाकीवर धाकटा, मागं छकुली, पाठीवर दप्तर. नवीन नव्हतं, जुनंच, धुतलेलं. सोपान आमच्याकडं न बघताच बोलला, "सभंत बोललो हाय. आणलीय." आणि गाडी वळवून गेला. दहा पावलांवर जाऊन परत थांबला आणि ओरडला, "डबा न्हाय दिला. दुपारी आणून देतो."

छकुली गेटात उभी होती. तिच्या बरोबरच्या सगळ्या पोरी शेळगावला गेल्या होत्या, आणि आत जी पाचवी बसली होती ती तिच्यापेक्षा वीतभर बुटकी. तिनं सरांना विचारलं, "मी कुठं बसू?"

सर म्हणाले, "तुझ्याच जागेवर."

ती आत गेली. सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले, काच केव्हाच पुसून झाली होती. मग मला म्हणाले, "ताई, नापास झालेली पोरगी दप्तर घेऊन परत शाळेत आलेली, मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय."

"मी पण," मी म्हटलं, आणि घरी निघाले.